घरातले पाच रिपोर्ट आणि तीन रकाने

पत्र

आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. माझ्या यजमानांनी शिबिरात रक्तदान केलं, तेव्हा रक्तपेढीने बोलावून हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह असल्याचं सांगितलं. मग घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या. कोणाचे किती पॉझिटिव्ह, असा तक्ता मी केला. यजमानांचे दोन, सासूबाईंचे दोन, धाकट्या दिरांचा एक, नऊ वर्षांच्या मुलाचा एक, माझं सगळं निगेटिव्ह. सासूबाईंचं वय झालेलं, म्हणून त्यांचं ताट-वाटी वेगळं केलं. तेव्हापासून त्या बोलत नाहीत. आणखी एक कोडं आहे. कोअर अँटीबॉडीच्या चाचणीत सासूबाईंपुढे ०.००८ आकडा आणि रिअ‍ॅक्टिव्ह, तर माझ्यापुढे २.१ आणि नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह छापलंय. ही छपाईची चूक आहे का? डॉक्टरांची वेळ आठ दिवसांनी मिळाली आहे. तोवर तक्ता नीट कसा मांडू आणि कोणाला जपू? रिपोर्टच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

उत्तर

ताई, आधी सासूबाईंचं ताट आज रात्रीच सगळ्यांच्या ताटांत परत ठेवा. त्यांच्या रिपोर्टचा अर्थ पुढे सांगते, पण ताटाचा निर्णय त्या अर्थावर अवलंबूनच नाही. हिपॅटायटिस बी एका ताटात जेवल्याने, एका तांब्यातलं पाणी प्यायल्याने, मिठी मारल्याने किंवा शिंकेतून पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. घरात वेगळं काही ठेवायचंच असेल तर दाढीचं ब्लेड, टूथब्रश आणि नखं कापायचं नेलकटर ठेवा. यजमान आणि दीर एकच रेझर वापरत असतील तर ते आजच थांबवा. वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान सात दिवस टिकतो, त्यामुळे धुतलेल्या ताटापेक्षा न्हाणीघरातल्या फळीवरचं ब्लेड जास्त धोक्याचं आहे.

आता तक्ता. तुम्ही पॉझिटिव्ह मोजलेत आणि तिथेच घोटाळा झाला. या तपासणीत एका चाचणीचं पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहे, आणि दुसरीचं पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूपासून संरक्षण आहे. दोन्हींची बेरीज करणं म्हणजे जमा आणि नावे एकाच रकान्यात लिहून खाली एकूण काढण्यासारखं आहे. शिवाय सगळं निगेटिव्ह म्हणजे सगळ्यात सुरक्षित, असं तुम्ही धरून चाललात. तुमच्या घरात नेमकं उलट आहे. जिचं सगळं निगेटिव्ह आहे तिलाच, म्हणजे तुम्हाला, सगळ्यात आधी जपायला हवं.

नवा तक्ता तीन रकान्यांचा करा. प्रत्येक रकान्याला चाचणीच्या नावासोबत एक प्रश्न लिहा आणि आत पॉझिटिव्ह-निगेटिव्ह न लिहिता सरळ ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहा.

पहिला रकाना एचबीएसएजीचा. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी हीच ‘ऑस्ट्रेलिया अँटीजन’ तपासणी. बारूक ब्लमबर्ग यांना हे प्रथिन ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात सापडलं, म्हणून ते नाव पडलं. या कामासाठी त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. हे प्रथिन विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचं असतं. ते रक्तात सापडलं तर विषाणू आत्ता अंगात आहे. म्हणून या रकान्याचा प्रश्न: विषाणू आत्ता आहे का?

दुसरा रकाना अँटी-एचबीसीचा. हिलाच तुम्ही कोअर अँटीबॉडी म्हटलंय, आणि रिपोर्टवर पुढे ‘टोटल’ लिहिलेलं असतं. विषाणूच्या आतल्या गाभ्याविरुद्ध शरीराने तयार केलेली ही प्रतिपिंडं खऱ्या लागणीनंतरच तयार होतात आणि बहुधा आयुष्यभर राहतात. लसीत फक्त बाहेरच्या आवरणाचं प्रथिन असतं, यीस्टमध्ये तयार केलेलं. गाभा तिच्यात नसतोच. त्यामुळे लस कितीही वेळा घेतली तरी हा रकाना ‘आहे’ होत नाही. प्रश्न: विषाणूशी कधी खरी गाठ पडली होती का? संपूर्ण तपासणीतली सगळ्यात जास्त माहिती देणारी चाचणी मी हिलाच म्हणेन, आणि पैसे वाचवायला लोक नेमकी हीच गाळतात.

तिसरा रकाना अँटी-एचबीएसचा. बाहेरच्या आवरणाविरुद्धची ही प्रतिपिंडं म्हणजे संरक्षण. लागण होऊन बरं झाल्यावरही ती येतात आणि लसीनेही येतात. इथे ‘आहे-नाही’सोबत आकडाही लिहा. एका मिलिलिटरमध्ये १० मिली-इंटरनॅशनल युनिट किंवा जास्त असेल तर संरक्षण आहे, असं धरतात. पहिल्या आणि तिसऱ्या चाचणीची नावं वाचताना हमखास गफलत होते, म्हणून रिपोर्टवरचं नाव बोट ठेवून वाचा. शेवटी ‘एजी’ असेल तर ते विषाणूचं प्रथिन, सुरुवातीला ‘अँटी’ असेल तर ते तुमच्या शरीराचं उत्तर.

तुमच्या कोड्यात छपाईची चूक नाही. काही यंत्रांवर कोअर अँटीबॉडीची चाचणी चढाओढीच्या पद्धतीने होते. रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं आणि यंत्रातली खूण लावलेली प्रतिपिंडं एकाच जागेसाठी झगडतात. रुग्णाची जितकी जास्त, तितकी यंत्राची कमी चिकटतात आणि आकडा खाली येतो. म्हणून इथे १ पेक्षा लहान आकडा म्हणजे प्रतिपिंडं आहेत आणि मोठा आकडा म्हणजे नाहीत. सासूबाईंचं ०.००८ ठाम ‘आहे’, तुमचं २.१ ‘नाही’. दुसऱ्या यंत्रावर हेच उलटंही असू शकतं, म्हणून आकड्याशेजारी छापलेली मर्यादा वाचा आणि तक्त्यात प्रयोगशाळेने लिहिलेला शब्दच उतरवा. तसंच, यजमानांच्या एचबीएसएजीपुढे मोठा आकडा छापलेला पाहून घाबरू नका. चाळणी चाचणीतला तो आकडा फक्त मर्यादा ओलांडली का एवढंच सांगतो; विषाणू किती आहे हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी एचबीव्ही डीएनए ही वेगळी तपासणी असते.

वाचायची किल्ली अशी. ही कोणत्याही घराला चालेल.

| विषाणू आत्ता आहे का? (एचबीएसएजी) | कधी गाठ पडली होती का? (अँटी-एचबीसी) | संरक्षण आहे का? (अँटी-एचबीएस) | अर्थ |
|---|---|---|---|
| नाही | नाही | नाही | लागण नाही, संरक्षणही नाही. लस हवी |
| नाही | नाही | आहे | लसीमुळे संरक्षण |
| नाही | आहे | आहे | लागण होऊन गेली, आता संरक्षण |
| आहे | आहे | नाही | लागण आत्ता आहे. नवी की जुनी ते पुढच्या तपासण्यांवर |
| नाही | आहे | नाही | अर्थ पक्का नाही. पुढे तपासायला हवं |

ओळ नेहमी आडवी, पूर्ण वाचायची. एकट्या चौकटीवरून काही ठरवायचं नाही. तिसऱ्या रकान्यातलं ‘आहे’ दुसऱ्या ओळीत लसीमुळे आलेलं आहे आणि तिसऱ्या ओळीत आजारातून उठल्यामुळे. हा फरक फक्त मधला रकाना सांगतो.

आता तुमच्या प्रतींवरून तुमचं घर भरू.

| कोण | एचबीएसएजी | अँटी-एचबीसी | अँटी-एचबीएस | ओळीचा अर्थ |
|---|---|---|---|---|
| यजमान | आहे | आहे | नाही | लागण आत्ता आहे |
| सासूबाई | नाही | आहे | आहे (२१०) | होऊन गेली, संरक्षण |
| धाकटे दीर | नाही | आहे | नाही | पक्कं नाही |
| मुलगा | नाही | नाही | आहे (३८) | लसीमुळे संरक्षण |
| तुम्ही | नाही | नाही | नाही | संरक्षण नाही |

सासूबाईंचे दोन ‘आहे’ म्हणजे त्यांना कधीतरी लागण झाली, बहुधा कोणाला कळलंही नाही, आणि शरीराने ती आवरली. त्यांच्याकडून कोणाला धोका नाही आणि त्यांना पुन्हा लागण होण्याची भीतीही जवळजवळ नाही. हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, तक्ता समोर ठेवून, त्यांच्या ओळीवर बोट ठेवून. एकच गोष्ट त्यांच्या फाइलीवर लिहून ठेवा. पुढे कधी कर्करोगाची केमोथेरपी, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यायची वेळ आली तर ‘कोअर अँटीबॉडी आहे’ हे त्या डॉक्टरांना आधी सांगायचं. बऱ्या झालेल्या माणसाच्या यकृतातही विषाणूचा अंश उरतो, आणि अशा औषधांखाली तो पुन्हा डोकं वर काढू शकतो.

मुलाच्या ओळीत काळजीचं काही नाही. आपल्या लसीकरण कार्यक्रमात ही लस २०११ पासून देशभर आहे. जन्मानंतर २४ तासांच्या आत पहिला डोस आणि मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना. त्याचं लसीकरण कार्ड शोधा आणि हे चारही डोस झाल्याची खात्री करा. काही वर्षांनी ३८ चा आकडा आणखी खाली आला तरी घाबरू नका. निरोगी मुलात आकडा उतरला तरी शरीराची आठवण शिल्लक राहते. घरात रुग्ण असल्याने एक जास्तीचा डोस द्यायचा का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारायला हरकत नाही.

यजमानांची ओळ ‘लागण आहे’ एवढंच सांगते. ती नवी की जुनी, हे या तीन रकान्यांत दिसत नाही, आणि लोक इथेच घाईने निष्कर्ष काढतात. नवी लागण ओळखायला अँटी-एचबीसी आयजीएम ही वेगळी चाचणी लागते. तुमच्या रिपोर्टमध्ये ती नाही. एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलं तर लागण दीर्घकाळची मानतात, म्हणून आजच्या रिपोर्टची तारीख जपून ठेवा. आयजीएमवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या लागणीने अचानक उसळी घेतली तर तीही ‘आहे’ येऊ शकते. यजमानांना कावीळ नाही, थकवा नाही आणि हे शिबिरात योगायोगाने कळलं. यावरून मला लागण जुनी, कदाचित लहानपणची वाटते. जन्माच्या सुमारास लागण झालेल्या दहांतल्या नऊ बाळांत ती कायमची राहते, तर निरोगी प्रौढाला झाली तर शंभरांत पाचांहून कमी जणांत. पण वाटणं वेगळं आणि तपासणी वेगळी. डॉक्टर बहुधा यकृताची एएलटी, एचबीईएजी, एचबीव्ही डीएनए आणि सोनोग्राफी सांगतील. औषध लगेच सुरू करायचं की फक्त लक्ष ठेवायचं, हे त्या सगळ्यावरून ठरतं. एचबीएसएजी ‘आहे’ म्हणून प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही. गोळ्या सुरू झाल्या तर बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. दारू पूर्ण बंद. काविळीवर झाडपाला किंवा माळ द्यायला कोणी पुढे आलं तर हात जोडून नको म्हणा. आधीच सुजलेल्या यकृतावर अनोळखी औषधाचा भार नको. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून आहे आणि त्यात तपासणी व उपचार मोफत देण्याची तरतूद आहे. डीएनएची तपासणी खासगीत महाग पडते, तेव्हा आधी सिव्हिलमध्ये जाऊन तिथे काय-काय होतं याची चौकशी करा.

सासूबाईंकडून यजमानांना आलं का, असा प्रश्न आता घरात कोणीतरी काढेल. तक्ता त्याचं उत्तर देत नाही. कोणाकडून कोणाला आणि कोणत्या वर्षी, हे या रकान्यांत कुठेच लिहिलेलं नसतं. इंजेक्शनची सुई, जुनी शस्त्रक्रिया, न्हाव्याचा वस्तरा, काहीही असू शकतं. जबाबदार शोधायला हा कागद वापरू देऊ नका.

दिरांच्या ओळीला मी जाणूनबुजून ‘पक्कं नाही’ म्हटलंय. एकट्या मधल्या रकान्यात ‘आहे’ आलं तर चार शक्यता असतात. सगळ्यात जास्त दिसणारी म्हणजे फार पूर्वी लागण होऊन गेली आणि संरक्षणाचा आकडा काळाबरोबर १० च्या खाली उतरला. दुसरी, चाचणीच खोटी ‘आहे’ आली. तिसरी, लागण नुकतीच ओसरतेय. विषाणूचं प्रथिन रक्तातून गेलंय आणि संरक्षण अजून मोजण्याइतकं आलेलं नाही, असा मधला काळ. चौथी, विषाणू इतका थोडा आहे की एचबीएसएजीच्या चाचणीत सापडत नाही. या चारांतून निवड करायला अँटी-एचबीसी पुन्हा करतात, आयजीएम करतात आणि गरज वाटली तर डीएनए. तोवर त्यांना रोगी म्हणू नका आणि सुरक्षितही म्हणू नका. रक्तदान मात्र त्यांनी तूर्त करू नये. त्यांचं लग्न ठरवायचं चाललं असेल तर हा अर्धा रिपोर्ट कोणाला दाखवायची घाई नको. आधी अर्थ पक्का होऊ द्या.

आता तुमची ओळ. रक्तात विषाणू सापडला नाही, पण संरक्षण शून्य आणि नवऱ्याला लागण आहे. तुम्हाला लस हवी, आणि त्यासाठी आठ दिवस थांबायची गरज नाही. जवळच्या डॉक्टरांकडे उद्याच जा आणि नवऱ्याचा रिपोर्ट दाखवून लस मागा. डोस तीन: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासा. १० किंवा जास्त आलं की संरक्षण मिळालं. तोवर कंडोम वापरा. हे यजमानांशी बोलायला अवघड वाटलं तर डॉक्टरांसमोर बोला, पण टाळू नका.

एक अपवाद डॉक्टरांच्या कानावर घाला. यजमानांची लागण नवी निघाली तर तुमच्या आजच्या ‘नाही’वर पूर्ण विसंबता येत नाही, कारण लागण झाल्यावर एचबीएसएजी रक्तात दिसायला काही आठवडे जातात. अशा वेळी लसीसोबत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही द्यायचं का, ते डॉक्टर ठरवतात, आणि त्याचा उपयोग शेवटच्या संबंधानंतरच्या चौदा दिवसांतच असतो. म्हणून यजमानांची आयजीएम तपासणीही याच आठवड्यात उरकून घ्या. तुमची पाळी चुकली असेल तर तेही सांगा. गरोदरपणातही ही लस चालते. लागण असलेल्या आईच्या बाळाला मात्र जन्मल्यावर बारा तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन दोन्ही लागतात. असं पत्र लिहायच्या बेतात असलेल्या एखाद्या गरोदर वाचकाने हे आत्ताच आपल्या डॉक्टरांना विचारावं.

लस घेतल्यावर लगेच एचबीएसएजी तपासू नका. लसीत तेच प्रथिन असल्याने डोसनंतर अठरा दिवसांपर्यंत ते रक्तात सापडू शकतं, आणि निरोगी माणसापुढेही ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ छापून येतं. पुन्हा तपासायचं झालं तर रक्त डोसच्या आधी द्या.

तक्त्याला आणखी दोन रकाने जोडा: रक्त घेतल्याची तारीख आणि प्रयोगशाळा. वेगवेगळ्या तारखांचे रिपोर्ट एकाच ओळीत मिसळू नका. नवी तपासणी झाली की त्याच माणसाची नवी ओळ खाली लिहा. डॉक्टरांकडे तक्त्यासोबत मूळ रिपोर्ट, मुलाचं कार्ड आणि रक्तपेढीची चिठ्ठी न्या. यजमानांच्या ओळीखाली सहा महिन्यांनंतरची तारीख आणि तुमच्या ओळीखाली तिन्ही डोसच्या तारखा आजच पेन्सिलीने लिहून ठेवा.